निवडणुकीसाठी रजा: अर्जात काय लिहायचं, काय नाही

प्रश्न: «सातपूरच्या एका खासगी कंपनीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे. गाव निफाड तालुक्यात. या वेळी ग्रामपंचायतीला सदस्यपदासाठी उभं राहायचं ठरतंय. साधारण दोन आठवडे रजा लागेल. अर्जात खरं कारण लिहावं की सरळ 'घरगुती कारण' लिहून मोकळं व्हावं? खरं लिहायचं तर साहेबांना राजकारण वाटणार नाही असं कसं लिहावं?»

खरं कारण लिहा. हे मी नीतीचा प्रश्न म्हणून सांगत नाही. उमेदवारी लपवता येणारी गोष्टच नाही. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांच्या माहितीचं घोषणापत्र द्यावं लागतं, छाननीनंतर वैध उमेदवारांची यादी सूचना फलकावर लागते आणि चिन्ह मिळालं की त्याच संध्याकाळी तुमचा फोटो गावभर फिरतो. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्यात निफाड, दिंडोरी, सिन्नरची माणसं शिफ्टला असतातच. साहेबांना तुमच्याकडून कळलं नाही तर दोन दिवसांत त्यांच्याकडून कळेल. मग चर्चा रजेची राहत नाही, खोट्या कारणाची होते.

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं पर्सनल विभागात काम करतो. असे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत, काही लिहायलाही मदत केली आहे. माझा अनुभव असा की अर्ज अडतो तो 'निवडणूक' या शब्दामुळे फारसा नाही. अर्जात तारखा धड नसतात, म्हणून तो अडतो. 'दोन आठवडे', 'निवडणूक होईपर्यंत', 'कार्यक्रम लागला की कळवतो' असं लिहिलेला कागद विभागप्रमुखाला शिफ्टच्या चार्टवर बसवता येत नाही. मग तो 'बघू' म्हणतो, तुम्ही ते हो समजता आणि भांडण तिथून सुरू होतं. म्हणून शब्दांकडे नंतर येतो, आधी दिवसांचं बघू.

त्याआधी एक अट तपासून घ्या. मी पुढे जे सांगतोय ते खासगी कंपनीच्या कायम कामगाराला किंवा कर्मचाऱ्याला लागू आहे. सरकारी नोकर आणि स्थानिक प्राधिकरणाचे नोकर यांना ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ नुसार सदस्य होता येत नाही, आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनी निवडणुकीत भागच घेता येत नाही. तिथे प्रश्न रजेचा नसून नोकरीचा आहे. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची प्रेस, एकलहऱ्याचं वीज केंद्र अशा ठिकाणी नोकरी असेल तर त्या त्या संस्थेचे आचरण नियम आधी वाचावेत. तुम्ही कंत्राटदाराच्या रोलवर असाल तर अर्ज कंत्राटदाराकडे द्यायचा, कंपनीला फक्त प्रत.

तुम्ही कायम आहात असं धरतो. मग नेमणूक पत्र काढून एकदा शेवटपर्यंत वाचा. बऱ्याच पत्रांत 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय, नोकरी किंवा सार्वजनिक पद स्वीकारणार नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. ते असेल तर अर्ज भरण्याआधी त्या कलमाखाली परवानगी मागावी लागेल. नसेल तर उमेदवारीला कंपनीची परवानगी मागण्याचं कारण नाही. उमेदवारी फक्त कळवायची आणि मागायची ती रजा. बहुतेकांच्या अर्जात या दोन गोष्टींची सरमिसळ होते. 'मला निवडणूक लढवण्यास परवानगी द्यावी' असं लिहिलं की मॅनेजरला वाटतं, सही केली तर या उमेदवाराला कंपनीचा पाठिंबा आहे असा अर्थ निघेल. तो कागद वर पाठवतो, वरचा आणखी वर पाठवतो. रजेवर सही करायचा अधिकार त्याच्याकडे असतो, तुमच्या उमेदवारीवर सही करायचा नसतो. म्हणून त्याच्याकडे तेवढंच मागा जे तो देऊ शकतो.

हेही स्पष्ट असू द्या की खासगी नोकराला निवडणूक लढवण्यासाठी म्हणून वेगळी रजा देणारा कायदा नाही. मतदानाच्या दिवशी सुट्टी किंवा काही तासांची सवलत मिळते, त्यासाठी शासन दर निवडणुकीला आदेश काढतं; पण ती मतदाराला असते. उमेदवार म्हणून लागणारे बाकीचे दिवस तुमच्याच शिलकीतून जाणार. अर्जात 'लोकशाहीने दिलेला हक्क' वगैरे लिहिलं तर समोरचा माणूस नियमांचं पुस्तक उघडतो, आणि त्या पुस्तकात तुमच्या बाजूने फारसं काही सापडत नाही.

आता दिवस. ग्रामपंचायतीचा कार्यक्रम कसा लागतो हे समजायला ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ चं वेळापत्रक घेऊ, कारण आमच्याकडचे एक सुपरवायझर त्यात उभे होते. राज्य निवडणूक आयोगाने ३ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर केला. अर्ज भरायचे १६ ते २० ऑक्टोबर, छाननी २३ ला, माघार २५ ला दुपारी तीनपर्यंत आणि त्यानंतर लगेच चिन्हवाटप. मतदान ५ नोव्हेंबर, रविवार. मोजणी दुसऱ्या दिवशी, ६ ला. म्हणजे जाहीर झाल्यापासून मोजणीपर्यंत पाच आठवडे, पण उमेदवाराचं स्वतःचं असणं खरोखर लागतं असे दिवस त्यात मोजकेच.

त्यांनीही आधी दोन आठवडेच मागितले होते. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. अर्ज भरायला एक दिवस, तोही शेवटचा नको. शेवटच्या दिवशी तहसीलला गर्दी असते आणि एखादा कागद राहिला तर परत आणायला वेळ उरत नाही. त्यांनी १८ तारीख धरली. छाननीचा दिवस पूर्ण लागतो. तुमच्या अर्जावर कुणी हरकत घेतली तर त्याच वेळी, तिथेच उत्तर द्यावं लागतं. त्या दिवशी 'सूचक जाईल, मी फर्स्ट शिफ्ट करून येतो' असं अजिबात करू नका. माघारीचा दिवसही पूर्ण लागतो, कारण कोण राहिलं, कोण गेलं आणि चिन्ह कुठलं मिळालं हे सगळं त्या दुपारी ठरतं. हे तीन दिवस सुटे सुटे होते, म्हणून तीन किरकोळ रजा. मधला २४ ऑक्टोबर दसऱ्याचा, सुट्टीच होती.

राहिला प्रचार, २६ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. आमच्या त्या सहकाऱ्यांना वाटत होतं की हे सगळे दिवस रजा हवीच. मी त्यांना विचारलं, दिवसा गावात कोण भेटतं? द्राक्षपट्ट्यातलं गाव. ऑक्टोबर छाटणी झालेली किंवा चालू, माणसं सकाळपासून बागेत, बायकाही मजुरीला गेलेल्या. भेटीगाठी होतात त्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर. त्यांनाही ते पटलं. मग पहिले सहा दिवस रजा न घेता फक्त फर्स्ट शिफ्ट मागायची असं ठरलं. साडेतीनला सुटलं की पाचच्या आत गाव. रजा घेतली ती १ ते ६ नोव्हेंबर. मधला ५ चा रविवार साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून अर्जित रजा पाचच खर्ची पडल्या. तीन किरकोळ, पाच अर्जित: दोन आठवड्यांच्या रजेचे आठ दिवस झाले. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि त्याआधीची डिस्पॅच तोंडावर होती. विभागप्रमुखाच्या दृष्टीने ऐन गर्दीत सुपरवायझर दोन आठवडे नाही आणि सहा दिवस नाही यात जमीन-अस्मानाचा फरक होता. सही त्याच दिवशी झाली.

तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल तर हे गणित बदलेल. रजेच्या मधे आलेली सुट्टी रजेत धरायची नाही हे कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ च्या स्पष्टीकरणात होतं, पण किरकोळ रजेला आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना कंपन्यांचे नियम वेगळे असतात. टाइम ऑफिसला विचारून घ्या. गावात तेव्हा कुठला हंगाम आहे हेही बघा. कांदा लागवड चालू असेल तर वेळा वेगळ्या, उन्हाळ्यात निवडणूक लागली तर आणखी वेगळ्या.

अर्ज कधी द्यायचा? माझं म्हणणं दोन टप्प्यांत द्या. उभं राहायचं पक्कं झालं की विभागप्रमुखाला आधी तोंडी कल्पना द्या, तारखा नसल्या तरी चालेल. 'कार्यक्रम लागला तर मला आठएक दिवस लागतील, त्या काळात माझ्या जागी कोण बघेल ते मी ठरवून सांगतो' एवढंच. लेखी अर्ज मात्र आयोगाचा कार्यक्रम हातात आल्यावर, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी. अर्जित रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यायची पद्धत कारखाने अधिनियमातून आलेली आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या रजा नियमांत आजही तीच आहे. २०२३ च्या वेळापत्रकात ४ ऑक्टोबरला दिलेला अर्ज १ नोव्हेंबरच्या रजेसाठी चांगला चार आठवडे आधी पडला. माघारीपर्यंत वाट पाहून २५ ला दिला असता तर आठवडाच उरला असता आणि मॅनेजरला नियमावर बोट ठेवून नाही म्हणता आलं असतं.

इथे कुणी म्हणेल, उमेदवारी पक्की व्हायच्या आधीच रजा कशी मागायची? अर्ज बाद झाला, माघार घेतली किंवा निवड बिनविरोध झाली तर? त्याचं उत्तर अर्जातच लिहायचं: तसं झालं तर रजा रद्द समजावी, मी कामावर येईन. माझ्या मते अख्ख्या अर्जात हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. ते वाचून समोरच्याला कळतं की या माणसाने रजा मोजून मागितली आहे.

तो अर्ज जवळपास असा होता:

«प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. मार्फत: विभागप्रमुख, मशीन शॉप.

विषय: दि. १ ते ६ नोव्हेंबर २०२३ या कालावधीत अर्जित रजा मिळण्याबाबत.

महोदय, माझ्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीच्या सार्वत्रिक निवडणुकीत मी सदस्यपदासाठी उमेदवारी अर्ज दाखल करणार आहे, हे आपल्या माहितीसाठी कळवत आहे. राज्य निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या कार्यक्रमाची प्रत सोबत जोडली आहे.

त्यानुसार दि. १८, २३ व २५ ऑक्टोबर रोजी किरकोळ रजा आणि दि. १ ते ६ नोव्हेंबर (५ रोजी साप्ताहिक सुट्टी) अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. दि. २६ ते ३१ ऑक्टोबर या काळात मी कामावर हजर राहीन. शक्य असल्यास या दिवसांत मला पहिली पाळी द्यावी.

दि. २५ ऑक्टोबरनंतर माझी उमेदवारी कायम न राहिल्यास, अथवा निवड बिनविरोध झाल्यास, नोव्हेंबरमधील रजा रद्द समजावी. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहीन.

रजेच्या काळात माझ्या पाळीचे काम दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर पाहतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. चालू कामांची यादी ३१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकडे देईन. दि. ७ नोव्हेंबर रोजी पहिल्या पाळीला रुजू होईन.

ही उमेदवारी वैयक्तिक असून प्रचारात कंपनीचे नाव, गणवेश, वाहन अथवा आवार यांचा वापर करणार नाही.

आपला विश्वासू»

यात गावाचं, वॉर्डाचं, पॅनेलचं नाव नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. विरोधकाचा उल्लेख नाही. 'ग्रामस्थांच्या आग्रहास्तव', 'गावाच्या विकासासाठी', 'समाजसेवेची आवड असल्याने' यांपैकी काहीच नाही. हे सगळं खरं असेलही, पण ते मतदाराला सांगायचं. हा कागद तुमच्या वैयक्तिक फाइलला लागतो आणि तिथे कायम राहतो. पुढच्या वर्षी समोरच्या पॅनेलचा माणूस त्याच कारखान्यातून तशीच रजा मागेल, तेव्हा मॅनेजरला दोघांना सारखं वागवता आलं पाहिजे. तुमच्या अर्जात विकास आणि सेवा असेल तर त्याने तुमच्या बाजूने कौल दिल्यासारखं दिसतं, आणि मशीनवरचा दुसऱ्या गटाचा माणूस ते बोलून दाखवतोच. 'राजकारण वाटणार नाही असं' लिहायचं म्हणजे एवढंच: वाचणाऱ्याला तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते कळू नये, पण तुम्ही कधी नसणार आणि कधी परत येणार ते पूर्ण कळावं.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत एक सोय अशी की ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, मुक्त चिन्हांवर होते. त्यामुळे पक्षाचं नाव न लिहिण्यात काही लपवल्यासारखं नाही. नगरपालिका, महापालिका किंवा जिल्हा परिषदेला पक्षाचं तिकीट घेऊन उभं राहणार असाल तरी रजेच्या अर्जात पक्ष लिहायची गरज नसते. विचारलं तर सांगा, कागदावर आणू नका. आमदार-नगरसेवकाचं शिफारसपत्र तर चुकूनही जोडू नका. रजा कदाचित मिळेल, पण मग साहेबांना सहीसाठी दबाव आला असं वाटतं आणि तुम्ही म्हणता ते 'राजकारण' खरोखरच फाइलमध्ये येऊन बसतं.

शेवटच्या ओळीतल्या 'कंपनीचे नाव, गणवेश, वाहन, आवार' यांना कारण आहे. आदर्श स्थायी आदेशांत आवारात परवानगीशिवाय पत्रकं वाटणं, सभा घेणं हे गैरवर्तनात येतं. कँटीनमध्ये गावच्या दोघातिघांना हँडबिल दिलं तरी ते त्यात बसतं. कंपनीच्या टी-शर्टवर काढलेला फोटो बॅनरवर गेला तर कंपनी तुमच्या मागे आहे असा गावात समज होतो आणि कंपनीला खुलासा करावा लागतो. वाहनाचं तर दुहेरी आहे: कंपनीची गाडी प्रचारात दिसली तर ती निवडणूक खर्चात धरली जाऊ शकते. तुम्ही हे आधीच लिहून दिलंत की समोरच्याची अर्धी काळजी मिटते.

तुमचा कारखाना सातपूरला, म्हणजे महापालिका हद्दीत, आणि उमेदवारी निफाडच्या गावात. त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न तुम्हाला येत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा कारखाना ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथेच तो उभा राहत असेल, तर कंपनीचा कर, ना-हरकत दाखले हे सगळं उद्या त्याच्यासमोर येणार. तिथे अर्जापूर्वी मनुष्यबळ विभागाशी बसून बोललंच पाहिजे, आणि कंपनीच्या विषयावर मी पंचायतीत चर्चेत व मतदानात भाग घेणार नाही असं एक वाक्य अर्जात घातलेलं बरं.

अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्या. आवक शिक्का मारलेली प्रत, किंवा कंपनीत रजा मोबाइलवरून टाकत असतील तर मंजुरीचा स्क्रीनशॉट. विभागप्रमुख तोंडी 'जा रे, काही अडचण नाही' म्हणाला म्हणून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पगाराच्या वेळी टाइम ऑफिसकडे नोंद नसते आणि ते दिवस विनापरवानगी गैरहजेरीत जातात. अशी गैरहजेरी सलग दहा दिवसांच्या वर गेली तर आदर्श स्थायी आदेशांनुसार तो गैरवर्तनाचा मुद्दा होतो. निवडणुकीच्या धामधुमीत दहा दिवस कधी उलटले ते कळत नाही, विशेषतः निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मिरवणूक, सत्कार, देवदर्शन सुरू झालं की. म्हणून परतीची तारीख मोजणीच्या दुसऱ्या दिवसाची लिहिली असेल तर त्या दिवशी गेटवर पंच व्हायलाच हवं. एखादा दिवस जास्त लागणार असं दिसत असेल तर तो आधीच मागा. मोजणीच्या रात्री केलेला फोन अर्ज ठरत नाही.

रजा नाकारली तर? नकार लेखी मागा, शांतपणे. 'कामाच्या निकडीमुळे' असं कारण येईल. अर्जित रजा वेळेत मागूनही मिळाली नाही तर ती बुडत नाही, पुढच्या वर्षात नेता येते आणि नाकारलेल्या रजेला साठवणुकीची मर्यादा लागत नाही. कारखाने अधिनियमात ही तरतूद होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. पण त्याने आत्ताचं काम होत नाही. म्हणून दुसरा अर्ज लहान करून द्या. छाननी, माघार, मतदानाच्या आधीचे दोन दिवस आणि मोजणी एवढंच मागा, बाकी पहिली पाळी. एवढं सहसा कुणी नाकारत नाही. शिल्लक नसेल तर बिनपगारी रजा मागता येते, मात्र ती मंजूर करून घ्या. पगार तेवढ्या दिवसांचा कापला जाईल, भविष्य निर्वाह निधीची वर्गणीही त्या प्रमाणात कमी होईल आणि हजेरी भत्ता असेल तर तो त्या महिन्यापुरता जाईल. घरचं बजेट बघून ठरवा.

एक वाट मात्र पूर्ण बंद धरा: आजारपणाची. डॉक्टरचा दाखला आणून वैद्यकीय रजा घेणं आणि त्याच दिवशी गावात दारोदार फिरणं. तुम्ही राज्य कामगार विमा योजनेत असाल आणि त्या दिवसांचा आजारपणाचा लाभ घेतला, तर खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा कायद्याने गुन्हा आहे, कंपनीची कारवाई वेगळीच. पुरावा शोधायलाही कुणाला कष्ट पडत नाहीत. तुमच्याच प्रचाराचे व्हिडिओ तारखेसकट सगळ्यांच्या मोबाइलवर असतात.

उमेदवार स्वतः नसाल आणि घरातल्या कुणासाठी प्रचार करायचा असेल तर गोष्ट बरीच सोपी होते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने पत्नी, आई किंवा वहिनी उभी आणि नोकरी करणारा माणूस रजा मागतोय असं आता नेहमीचं झालं आहे. तिथे 'वैयक्तिक कामासाठी' एवढं लिहिलं तरी ते खरंच आहे. अर्जित रजेला याहून जास्त कारण देण्याची बहुतेक ठिकाणी गरज पडत नाही. साहेबांनी विचारलं तर तोंडी सांगावं. उमेदवाराने कळवणं मी आग्रहाने सांगतो, कारण त्याचं नाव सार्वजनिक यादीत लागतं आणि निवडून आल्यावर तो पाच वर्षं पदावर असतो. प्रचार करणाऱ्याचं तसं नाही. मात्र गणवेश, आवार, पत्रकं यांचे नियम त्यालाही तेवढेच लागू.

आणि निवडून आलात तर काय, हेही मॅनेजरच्या मनात असतं, बोलून दाखवत नाही इतकंच. त्याचं उत्तर तयार ठेवा. सदस्याला पंचायतीची महिन्याची सभा असते. ग्रामसभा वर्षातून किमान चार. त्या रूढीने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात आणि त्या दिवशी बहुतेक कारखान्यांना सुट्टीच असते. म्हणजे सदस्याला महिन्याला एखादा अर्धा दिवस किंवा पाळी बदलून भागतं. सभा टाळून मात्र भागत नाही: पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर कलम ४० नुसार सदस्यत्व जातं. सरपंचपदाचं ओझं वेगळं आहे, तिथे तिन्ही पाळ्यांची नोकरी सांभाळणं मला अवघड दिसतं. तुम्ही सदस्यपदाला उभे आहात, तेव्हा हे नोकरीबरोबर जमण्यासारखं आहे.

हरलात किंवा जिंकलात तरी एक काम उरतं. निकालानंतर तीस दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास पुढच्या निवडणुकांसाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं. हा हिशेब द्यायला जायचं असतं तेव्हा प्रचाराची धूळ खाली बसलेली असते आणि रजा संपलेली असते. म्हणून तीन किरकोळ रजांबरोबर चौथी शिल्लक ठेवा, आणि ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.